पिंपळी गेली, पिता गेला नाही

“मातृचं मदर, पितृचं फादर, दंतचं डेंटल. इंग्रज भारतात आले आणि संस्कृतातले शेकडो शब्द उचलून घेऊन गेले.”

हा दावा तपासायला आधी तारखा पाहू. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली स्थापन झाली. फादर आणि मदर या शब्दांची जुनी रूपं हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी हस्तलिखितांत सापडतात. तेव्हा इंग्रजांचा आपल्याशी व्यवहारच नव्हता.

मग साम्य कुठून आलं? दोन्ही भाषा एकाच पूर्वज भाषेच्या लेकी आहेत. न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात ही कल्पना मांडली. पुढे अभ्यासकांना त्यातला नियम सापडला: संस्कृतात जिथे ‘प’ आहे, तिथे इंग्रजीच्या घरच्या शब्दांत ‘फ’ येतो. पितृ–फादर, पद–फूट. तसाच ‘द’चा ‘ट’ होतो: द्वि–टू, दश–टेन. दंतचा इंग्रजी भाऊ म्हणजे टूथ. डेंटल हा लॅटिनमधून आलेला शब्द.

उसना घेतलेला शब्द या नियमात बसत नाही, आणि ओळखायची खूण हीच. पिंपळीला संस्कृतात पिप्पली म्हणतात. व्यापाराबरोबर हा शब्द ग्रीकांकडे गेला, तिथून लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमधून इंग्रजीत पेपर, म्हणजे मिरी, झाला. त्यातला ‘प’ जागचा हललेला नाही. म्हणजे पिंपळी खरोखर इथून गेली, तीही कंपनीच्या कितीतरी आधी.

कंपनीच्या काळात जे शब्द गेले, त्यांतले बरेचसे पोथ्यांतून नव्हे, बाजारातून गेले. सगळ्यांत भरलेलं दालन कापडाचं. कालिकतचं सुती कापड ते कॅलिको. आपल्या नक्षीदार चिटाचं अनेकवचन इंग्रजांनी एकवचन समजून वापरलं, तेच चिंट्झ. या कापडांना तिथे इतकी मागणी आली की १७२१ साली ब्रिटनमध्ये कायद्याने छापील सुती कापड वापरायला बंदी झाली. मुंबईच्या डोंगरीच्या नावावरून जाड्याभरड्या कापडाला डंगरी म्हणू लागले आणि पुढे त्या कापडाच्या कामगारी पोशाखालाही.

समुद्रावर तमिळ आणि मलयाळम ऐकू येतात: कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं, त्यावरून कॅटमरान ही होडी; कयर म्हणजे काथ्या, त्याचं कॉयर. स्वयंपाकघरात करी तमिळ. युद्धातून ‘लूट’ हा शब्द गेला. मराठीतून मुंगूस गेलं, मंगूस होऊन. सगळं श्रेय संस्कृताला देताना कोष्टी, खलाशी आणि दुकानदार यांच्या भाषा पुसल्या जातात, याचा मला खरा राग येतो.

न्हाणीघरातला शांपू हिंदी ‘चांपो’वरून आला, म्हणजे दाबा, चेपा. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ अंग रगडणं असाच होता. बिहारचे शेख दीन मुहम्मद यांनी ब्रायटनमध्ये स्नानगृह काढलं, तिथे लोक अंग चोळून घ्यायलाच जात. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.