दिवा बंद, स्क्रीन काळी, तरी डोळे का चुरचुरतात?

"रात्री अभ्यास करणाऱ्यांनी लक्ष द्या! स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा जळतो. म्हणून खोलीतला दिवा बंद करा, डार्क मोड लावा, ब्राइटनेस शून्यावर आणा आणि नाइट लाइट पूर्ण केशरी करा. डोळे कधीच दुखणार नाहीत. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

माझी भाची सदाशिव पेठेत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करते. तिच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर हा मजकूर आला आणि तिनं त्यातली प्रत्येक सूचना पाळली. मैत्रिणी झोपल्या की ती दिवा मालवून लॅपटॉपवर स्कॅन केलेल्या नोट्स वाचत बसायची. मध्यरात्र होईपर्यंत डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं, अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या दिसायच्या. त्रास खरा होता, पण त्याचं बरंचसं मूळ त्या चार सूचनांमध्येच होतं.

आधी निळ्या प्रकाशाबद्दल. उजळपणा निट्स या एककात मोजतात; लॅपटॉपची पांढरी स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला साधारण ३०० निट्स उजेड देते. दिवसाचं आकाश हजारो निट्सचं असतं आणि त्यात निळा प्रकाश भरपूर असतो, तरी खिडकीतून आकाशाकडे पाहिल्यानं कुणाचा पडदा जळत नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये घेतला. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा या काचांनी बहुधा कमी होत नाही, असंच त्यातून दिसलं. चुरचुर होते ती मुख्यतः कोरडेपणामुळे. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो, पण स्क्रीनवर एकटक वाचताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. त्यात एप्रिल-मेमधली पुण्याची कोरडी हवा आणि डोक्यावर पाचवर फिरणारा पंखा. रंगाचा कुठलाही स्लायडर यावर उपाय नाही. पंख्याचा झोत चेहऱ्यावरून हटवणं आणि पान संपलं की मुद्दाम डोळे पूर्ण मिटून उघडणं, हाच उपाय.

दिवा बंद करण्याची सूचना मला सगळ्यात घातक वाटते. अंधारात बाहुली मोठी होते, आणि समोर मात्र उजेडाचा एकच चौकोन असतो. नजर स्क्रीनवरून वहीकडे आणि वहीवरून परत स्क्रीनकडे गेली की डोळ्याला दर वेळी नव्यानं जुळवून घ्यावं लागतं. भाचीची अडचण रास्त होती, ट्यूब लावली तर मैत्रिणींची झोपमोड. म्हणून आम्ही लहान टेबल लॅम्प लॅपटॉपच्या मागे ठेवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. बल्ब कमी वॉटचा आणि पिवळसर घेतला, खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला असतो तो. बल्ब थेट डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीनवर त्याचं प्रतिबिंब पडत नाही आणि उजळलेली भिंत स्क्रीनभोवतीचा काळोख घालवते. वहीपुरता उजेडही त्यातूनच मिळतो.

आता डार्क मोड. काळ्या पानामुळे डोळ्यात कमी उजेड जातो, त्यामुळे बाहुली आणखी मोठी होते. बाहुली मोठी झाली की डोळ्याच्या रचनेतले बारीक दोष उघडे पडतात आणि अक्षरांची धार जाते. नंबर असलेली माणसं लांबची पाटी डोळे बारीक करून वाचतात, ते याच्याच उलट, उजेड आत शिरायची फट लहान करण्यासाठी. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांत हे तपासलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं असताना दोन्ही गटांना बारीक तपशील जास्त स्पष्ट दिसला आणि मजकुरातल्या चुकाही जास्त सापडल्या. स्कॅन केलेल्या नोट्सचं तर डार्क मोडमध्ये पार वाटोळं होतं. झेरॉक्सचे डाग पांढुरके होऊन चमकतात, नकाशे निगेटिव्हसारखे दिसतात.

तरी डार्क मोड टाकाऊ नाही. मोतीबिंदूसारख्या कारणानं ज्यांच्या डोळ्यात प्रकाश विखुरतो त्यांना काळं पान खरोखर सोपं जातं. टाइप केलेला मजकूर काळ्यावर वाचायला आवडत असेल तर पार्श्वभूमी ठार काळी न ठेवता गडद करडी घ्या, अक्षरं फिकी करडी आणि एक आकार मोठी. मात्र काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना सावली किंवा शेपूट दिसत असेल आणि पांढऱ्या पानावर ती जात असेल, तर थोडा सिलिंडर नंबर असण्याची शक्यता आहे. तो तपासून घ्या.

ब्राइटनेस किती ठेवायचा हे टक्क्यांत सांगता येत नाही, कारण एका लॅपटॉपचे ३० टक्के दुसऱ्याच्या ५० एवढे असू शकतात. त्यासाठी कोरा पांढरा कागद पुरतो. लॅम्प लावून कागद स्क्रीनशेजारी धरा आणि पांढरं पान उघडा. पान दिव्यासारखं उजळ वाटलं तर ब्राइटनेस जास्त आहे, मळकट राखाडी वाटलं तर कमी. दोन्ही सारखे दिसले की थांबा. शून्यावर नेलं की करडी अक्षरं पानात बुडतात, आपण पुढे वाकतो आणि जवळून पाहण्याचा ताण वाढतो.

अगदी खाली नेण्यात आणखी एक खोट आहे. काही स्क्रीन, विशेषतः ओएलईडी फोन, उजेड कमी करण्यासाठी भराभर चालू-बंद होतात. ते डोळ्यांना जाणवत नाही, पण काहींचं डोकं त्यानं दुखतं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/१००० च्या आसपास ठेवा आणि स्क्रीनकडे धरा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर ब्राइटनेस मधल्या पातळीवर ठेवून अँड्रॉइडमधल्या Extra dim नं उजेड कमी करा.

राहिला केशरी रंग. भाचीनं Windows मध्ये Settings > System > Display > Night light इथला Strength स्लायडर शेवटाला नेला होता, आणि हायलायटरनं पिवळ्या केलेल्या ओळी तिला सापडेनाशा झाल्या होत्या. पांढऱ्यातून निळा काढला की पिवळा उरतो. नाइट लाइट निळाच कमी करतो, त्यामुळे सगळं पानच पिवळसर होतं आणि पिवळी खूण त्यात विरून जाते. गडद पानावरची निळी लिंकही अशीच मरते. म्हणून स्लायडर ठरवायची आमची कसोटी साधी होती: पिवळी ओळ वेगळी दिसते तोवरच पुढे न्यायचा. तिच्या लॅपटॉपवर तो मध्याच्या थोडा अलीकडे थांबला, आणि पान शेजारच्या पिवळसर उजेडातल्या कागदाच्या रंगाशी जुळलं. नाइट लाइट चालू केल्यावर पान थोडं मंदही होतं, म्हणून रंग आधी ठरवा आणि ब्राइटनेस त्यानंतर कागदाशी जुळवा.

झोपेचा मुद्दा मात्र खरा आहे. रात्रीचा उजेड, त्यातही निळा, शरीराला झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन दाबतो. पण तिथे एकूण उजेड किती आणि किती वेळ, यालाही तेवढंच महत्त्व आहे. स्क्रीन केशरी केली म्हणून पहाटे तीनपर्यंत जागल्याची भरपाई होत नाही.