विरहिणीचे अंग खरेच पोळते आहे

आज एका अभंगवाणीच्या कार्यक्रमात 'घनु वाजे घुणघुणा' सुरू होण्याआधीच निवेदकांनी बजावून सांगितले की, ही विरहिणी म्हणजे जीवात्मा, कान्हा म्हणजे परमात्मा आणि इथे स्त्रीपुरुषांच्या प्रेमाचा काडीमात्र संबंध नाही. तेव्हापासून माझा जीव जळतो आहे.

संबंध कसा नाही? ज्ञानदेवांची विरहिणी म्हणते, 'चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी'. फुलांची शेज तिला आगीसारखी भाजते आणि ती आग लवकर विझवा, असे ती सख्यांना विनवते. कोकिळेचा स्वरही तिला नकोसा झाला आहे. हा दाह अंगाचा आहे. तो आधी खरा वाटला नाही, तर देवाच्या ओढीची धग आपल्याला कळणार तरी कशी?

माझी मावशी भजनी मंडळात हा अभंग म्हणत असे. काका तेव्हा नोकरीसाठी आखातात होते. 'सुमनाची सेज' आली की तिचा आवाज खाली उतरायचा आणि टाळ धरलेल्या बायका कुणी न सांगता लय सावकाश करायच्या. एका ज्येष्ठांनी तिला अभंगाचा 'खरा' अर्थ समजावला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, विठ्ठल मलाही ठाऊक आहे, पण शेज माझ्याच घरातली आहे."

पहिल्याच चरणात कान्ह्याला 'भवतारकु' म्हटले आहे, त्यामुळे हे निव्वळ प्रेमगीत नाही, हे मान्य. पण शेवटचा चरण पाहा: 'दर्पणी पाहता रूप न दिसे वो आपुले'. प्रियकराने इतके व्यापले आहे की, आरशातही आपण सापडत नाही, हा अनुभव प्रेमात पडलेल्या कोणत्याही बाईचा असू शकतो आणि 'मी' नाहीसा झालेल्या योग्याचाही. त्यात असे करणारा कोण, तर 'बापरखुमादेवीवर', म्हणजे रखुमाईचा नवरा. जिला त्याच्यावर हक्काने दावा सांगता येत नाही, तिची ही तळमळ आहे. शृंगार काढून टाकला की ही धारही जाते.

काका कायमचे परत आले, तरी मावशी हा अभंग तितक्याच ओढीने म्हणत राहिली. म्हणून तिचा विरह केवळ काकांसाठी होता, असेही मी म्हणणार नाही.

सूफींनाही हा जाच चुकला नाही. इब्न अरबींनी मक्केत भेटलेल्या निजाम नावाच्या विदुषीला उद्देशून प्रेमकविता लिहिल्या, त्यावर अलेप्पोच्या धर्मपंडितांनी आक्षेप घेतला आणि अखेर इब्न अरबींना स्वतःच त्यांचा आध्यात्मिक अर्थ सांगणारे भाष्य लिहावे लागले. कवीनेच तसा अर्थ सांगितला, हे मला नाकारता येत नाही. पण तो सांगताना त्यांनी निजामचे डोळे, तिचे निघून जाणे आणि तिच्या मागे उरलेल्या मुक्कामाच्या खुणा कवितेतून पुसल्या नाहीत. प्रत्येक ओळ होती तशी ठेवली आणि अर्थ तिच्या खाली लिहिला.