वेल्डिंगची ठिणगी आणि "निरुपयोगी" मागणीपत्र: कोथरूडकर यांना उत्तर

"लेख वाचला. समोरच्याच्या विमा कंपनीला मागणीपत्र पाठवून काहीही होत नाही. तिच्यावर थेट दावा चालतच नाही, हे तुम्ही वाचकांपासून लपवलंत. मुदत भरपाई मिळाल्यापासून तीन वर्षं असते, मग एवढी घाईची भाषा कशाला? हप्ताही घ्यायचा आणि वर वसुलीही करायची, अशा कंपन्यांची तुम्ही तळी उचलताय. — कोथरूडकर"

कोथरूडकर,

दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने आग लागली तर नुकसान त्याच्याकडून कसं वसूल करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि उत्तर सकाळी लिहायचं ठरवलं, कारण रात्री लिहिलं असतं तर शब्द जरा जास्त गेले असते. "लपवलंत" हा शब्द मला लागला. चुकलात म्हणा, अपुरं लिहिलंत म्हणा, दोन्ही ऐकून घेईन. लपवणं म्हणजे माहीत असून लोकांना फसवणं. १९८९ पासून मी पुण्यात आगीचे दावे हाताळतोय. आधी एका विमा कंपनीच्या दावे विभागात होतो, नंतर स्वतंत्र सर्वेक्षक म्हणून. भोसरीपासून नऱ्ह्यापर्यंत किती जळक्या गाळ्यांत उभा राहिलोय, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. एवढ्या वर्षांत माझ्या अहवालावर आक्षेप आले, पण सचोटीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. टोपणनावामागून ते करणं फार सोपं असतं.

एक गोष्ट मान्य करतो. लेखाच्या मथळ्यात मी "समोरच्या विमा कंपनीकडून वसुली" असं लिहिलं होतं. ते "निष्काळजी माणसाकडून, त्याच्या विमा कंपनीमार्फत" असं हवं होतं. मथळा बदलला आहे. मोटार अपघात सोडला तर दुसऱ्याच्या दायित्व विम्यावर, म्हणजे त्याच्या हातून झालेलं इतरांचं नुकसान भरणाऱ्या विम्यावर, आपल्याला सहसा थेट हक्क नसतो. तो करार त्याचा आणि त्याच्या कंपनीचा. दावा लावायचा तो ज्याच्या हातून आग लागली त्याच्यावर. हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नव्हती, पण मथळा सैल होता, हे खरं.

आता तुमचं पहिलं म्हणणं, "काहीही होत नाही". ते वाचून भोसरीतला एखादा कारखानदार पत्र पाठवायचं टाळेल, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

९ मार्च २०१६. भोसरी एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक गाळा. शेजारच्या गाळ्याच्या छपराचं काम चालू होतं आणि एक वेल्डिंग ठेकेदार वर कैच्या जोडत होता. दोन गाळ्यांमधल्या भिंतीच्या माथ्यावर, पत्र्याखाली, चार बोटांची फट होती. वेल्डिंगच्या ठिणग्या ३५ फुटांपर्यंत जाऊ शकतात असं धरून त्या अंतरातलं जळाऊ सामान हलवायचं किंवा झाकायचं, आणि काम थांबल्यावर किमान अर्धा तास माणूस पहाऱ्याला ठेवायचा, हा या कामातला तेव्हाचा साधा दंडक होता. इथे सामान झाकलं नव्हतं आणि पहाराही नव्हता. एक वाजता सगळे जेवायला गेले. एक चाळीसला गल्लीतल्या कॅमेऱ्यात पहिला धूर दिसतो.

नुकसान ३६ लाखांचं: कागदाची रिळं आणि तयार माल २२ लाख, यंत्र नवीन घ्यायला १४ लाख. अग्निशमन दलाच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, "शॉर्ट सर्किटची शक्यता". आग विझवायला आलेल्या माणसांचं ते काम नाही, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण तो कागद तसाच राहिला असता तर ठेकेदाराकडून एक पैसाही निघाला नसता.

गाळ्याच्या मालकाच्या विमा कंपनीने अजून पैसे दिले नव्हते, त्यामुळे सब्रोगेशनचा, म्हणजे विमेदाराच्या जागी उभं राहून दोषी माणसाकडून वसुली करण्याचा, हक्कही तिच्याकडे आला नव्हता. तो भरपाई दिल्यावरच येतो. पण आगीच्या पॉलिसीत एक अट असते: वसुलीचा हक्क राखण्यासाठी जे करावं लागेल ते विमेदाराने करायचं, भरपाई मिळण्याआधीसुद्धा, आणि खर्च कंपनीचा. म्हणून १४ मार्चला पहिलं पत्र गाळ्याच्या मालकाने स्वतःच्या नावाने पाठवलं. मूळ प्रत ठेकेदाराला आणि शेजारच्या गाळेमालकाला, पोच घेऊन. पत्रात तीन गोष्टी होत्या: तुमच्या कामामुळे आग लागली असं आमचं म्हणणं आहे, तुमच्या विमा कंपनीला आजच कळवा, आणि १८ तारखेला पाहणीला या. त्यानंतर जळका माल हलवला जाईल.

त्या पत्राने काय झालं ते वाचा. ठेकेदाराची सार्वजनिक दायित्व पॉलिसी ३१ मार्चला संपत होती. या पॉलिसी आपल्याकडे बहुतेक वेळा अशा असतात की दुर्घटना घडून भागत नाही, मागणीही पॉलिसी चालू असतानाच ठेकेदाराकडे लेखी यावी लागते, किंवा निदान घटनेची सूचना त्याने त्या काळात कंपनीला द्यावी लागते. १ एप्रिलपासून तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. तिच्या पॉलिसीत त्या तारखेआधीच्या घटना धरलेल्याच नव्हत्या. आमचं पत्र एप्रिलमध्ये पोचलं असतं तर जुनी कंपनी म्हणाली असती, मागणी आमच्या काळात आली नाही. नवी म्हणाली असती, घटना आमच्या काळातली नाही. दोघींचंही बरोबर ठरलं असतं. उरला असता एक ठेकेदार, ज्याच्याकडे दोन वेल्डिंग मशीन आणि भाड्याचं दुकान होतं. त्याच्यावर ३६ लाखांचा हुकूमनामा मिळवून काय केलं असतं?

१८ तारखेला पाहणीला चौघे होतो: मालक, ठेकेदार, त्याच्या कंपनीचा सर्वेक्षक आणि मी. रिळांची रास वरून खाली जळत आली होती. वरची रिळं खोलवर गेली होती आणि तळाची नुसती कडेने काळी पडली होती. विजेचा बोर्ड समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून चार फुटांवर होता. आग तिथून उठली असती तर खालून वर गेली असती. बोर्डातल्या तांब्याच्या तारांवर वितळून झालेले गोळे नव्हते. मग फटीच्या बरोबर खालच्या राखेतून चुंबक फिरवला. बाजरीच्या दाण्याएवढे लोखंडाचे गोल मणी त्याला चिकटून आले. ते चौघांसमोर पाकिटात घालून सील केले आणि पाकिटावर चौघांच्या सह्या घेतल्या. त्या सह्या नसत्या तर ते मणी मीच कुठून तरी आणून टाकले असं म्हणायला समोरचा मोकळा होता. मी पाहिलेल्या बऱ्याच वसुल्या इथेच मेल्या आहेत. जळका माल भंगारात विकून जागा मोकळी होते, पैसे मिळतात, आणि सहा महिन्यांनी मागणीपत्र निघतं तेव्हा दाखवायला फक्त फोटो उरतात.

ऑगस्टमध्ये मालकाला ३४ लाख २० हजार मिळाले. विमा थोडा कमी रकमेचा होता, त्यापोटी आणि एक्सेसपोटी, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायच्या रकमेपोटी, मिळून १ लाख ८० हजार कापले गेले. त्याने सब्रोगेशनचं पत्र सही करून दिलं आणि मग खरं मागणीपत्र गेलं, मालक आणि त्याची विमा कंपनी या दोघांच्या नावाने, पूर्ण ३६ लाखांचं. दोघांच्या नावाने का, ते २०१० च्या चरण स्पिनिंग मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं आहे: नुसत्या सब्रोगेशनवर कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहते, हक्क विमेदाराचाच असतो, म्हणून कारवाई त्याच्या नावाने किंवा त्याला सोबत घेऊन करायची.

समोरच्या सर्वेक्षकाने एक मोठी कात्री लावली आणि ती योग्य होती. आमच्या पॉलिसीने यंत्राची नवी किंमत दिली होती, पण निष्काळजी माणूस देणं लागतो ते जळलेल्या वस्तूच्या किमतीचं. यंत्र आठ वर्षं वापरलेलं होतं, त्याचे ८ लाख धरले. ३६ चे ३० झाले. मागणीपत्रात भरपाईचा आकडा जसाच्या तसा उतरवणारे इथे दरवेळी अडकतात. मग ठेकेदाराच्या पॉलिसीची मर्यादा आड आली, एका दुर्घटनेला २५ लाख. ते त्याच्या कंपनीने दिले. कोर्टात न जाता. २ लाख ठेकेदाराने दोन हप्त्यांत भरले आणि उरलेल्या तीन लाखांवर आम्ही पाणी सोडलं. जिच्यावर "थेट दावा चालतच नाही" अशा कंपनीने पंचवीस लाख दिले, कारण वेळेत आलेल्या पत्रामुळे आणि त्या सीलबंद पाकिटामुळे ठेकेदार दायित्व नाकारू शकला नाही, आणि त्याचं दायित्व ठरलं की त्या कंपनीचं ठरतं. याला तुम्ही "काहीही होत नाही" म्हणता!

मुदतीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते चूक आहे आणि इतरांना महागात पडेल असं आहे. अशा दाव्याला मुदत कायद्याच्या ११३ व्या कलमाची तीन वर्षं लागतात, पण ती आगीच्या दिवसापासून धावतात. कंपनी विमेदाराच्या जागी येते, तिच्यासाठी घड्याळ नव्याने लावत नाहीत. वरच्या प्रकरणात भरपाईपासून मोजलं असतं तर पाच महिने उशीर झाला असता. पत्रव्यवहार चालू आहे म्हणूनही मुदत थांबत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं तरच ती नव्याने सुरू होते, आणि दायित्व विम्याच्या अटींमुळे कंपनीच्या संमतीशिवाय तशी कबुली ठेकेदार देऊच शकत नाही. इतक्या ठाम सुरात लिहिण्याआधी एकदा पुस्तक उघडायला हवं होतं.

तळी उचलण्याबद्दल एवढंच सांगतो की आलेल्या २७ लाखांतून मालकाच्या विमा कंपनीने आधी मालकाचे कापलेले १ लाख ८० हजार त्याला दिले आणि उरलेले २५ लाख २० हजार स्वतःकडे घेतले. सब्रोगेशनच्या पत्रात तसं लिहून घेतलं होतं. प्रत्येक छापील पत्रात ते नसतं, म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचा, असं मी मूळ लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, कल्पना नाही.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. फक्त मुदतीच्या वाक्याखाली, कुणी त्यावर विसंबू नये म्हणून, माझी दुरुस्ती जोडली आहे.