अर्धी पुडी आणि एक पेला

"ताई, फ्लूमध्ये ओआरएस द्या असं तुम्ही लिहिलंत. जुलाब नसताना ते कशाला? काल माझ्या सहा वर्षांच्या मुलीला अर्धी पुडी पेलाभर पाण्यात दिली, तिने सगळं ओकून टाकलं. लिहिताना जरा विचार करा." – एक वाचक, ऐरोली

दादा, चूक माझीच. पुडी कशी कालवायची ते मी लिहिलंच नव्हतं. मोठी पुडी साधारण 21 ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी 200 मिलीच्या पेल्यात गेली की द्रावण अडीचपट दाट होतं. इतकं खारट-गोड पाणी आतड्यात उलट शरीरातलंच पाणी ओढतं, मळमळ वाढते. उरलेलं ओतून द्या. लिटरची बाटली मोजून घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी एकदम टाका. वरून साखर, सरबत काही नको. 24 तासांनी उरलेलं फेकायचं.

जुलाब नसले तरी तापात घाम आणि जोराचा श्वास यांतून पाणी जातं, आणि पोरं खाणं-पिणं टाकतात. मूल पेज, वरणाचं पाणी घेत असेल आणि नेहमीसारखी शू करत असेल तर ओआरएस लागत नाही, हे तुमचं बरोबर.

अंगातलं पाणी कमी झालंय हे ओळखायचं कसं? गेल्या पावसाळ्यात माझा पाच वर्षांचा भाचा ठाण्यात आमच्याकडे तापाने पडला होता. ओठ सुकलेले होते, पण नाक चोंदल्यावर तोंडाने श्वास घेऊनही ओठ सुकतात. म्हणून गालाच्या आत बघितलं, तिथेही चिकट कोरडं होतं. रडला तर डोळ्यांत पाणी नाही. काही तासांत एकदाही शू नाही. रंगावर मी विसंबत नाही, काही औषधांनीही लघवी पिवळी होते.

पेला तोंडाला लावला की तो ओकायचा. मग चहाच्या चमच्याने, दर दोन मिनिटांनी एक चमचा, घड्याळ समोर ठेवून. चमचा 5 मिलीचा, म्हणजे तासाला 150 मिली पोटात जातं. मध्ये एकदा उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं, आणखी सावकाश. साडेनऊला त्याने शू केली, गडद पण भरपूर.

मूल सुस्त पडलं, उठवूनही नीट जागं होईना, चमचाही पोटात टिकेना, श्वास धापेसारखा चालू लागला किंवा आठ तास शू नाही, तर चमच्याच्या भरवशावर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

तुमच्या लेकीने कालपासून किती वेळा शू केली, ते मला आजच कळवा.