अपघात जूनचा, मृत्यू जुलैचा, मग कलम कुठलं?

"दादा, आमचे अण्णा गेले ५ जुलैला. नवा कायदा सुरू झाला १ जुलैला. मग आता जुनंच कलम लावा म्हणून कामून भांडायलेत? पाच वर्षांची शिक्षा दोन वर्षांवर कशी काय आली?"

मावसभावाचा हा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडला आणि पुढचे दोन दिवस बर्लिनमध्ये बसून मी फोन खाली ठेवला नाही. २८ जून २०२४ च्या रात्री लातूर-नांदेड रोडवर चाकूरच्या अलीकडे टेम्पोनं मागून धडक दिली, अण्णा आठवडाभर आयसीयूत होते, घरचे सगळे दवाखान्यात, त्यामुळं फिर्याद द्यायलाच २ जुलै उजाडला. ठाण्यात तोवर भारतीय न्याय संहिता सुरू झालेली, म्हणून एफआयआरमध्ये नवी कलमं पडली, आणि अण्णा गेल्यावर कलम १०६ वाढवलं. आता ड्रायव्हरचा वकील म्हणतो की हे चूक आहे, आयपीसीचं ३०४-अ लावा.

मला अण्णांबद्दल काय वाटतं ते घरच्यांना माहीत आहे, ते वेगळं सांगत नाही. पण माझ्या मते ड्रायव्हरचा वकील बरोबर आहे, आणि का ते नीट सांगतो.

आधी फरक काय आहे तो बघा. ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि कोर्टाला वाटलं तर नुसत्या दंडावरही सोडता येतं. नव्या १०६ च्या पहिल्या पोटकलमात पाच वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, म्हणजे नुसता दंड भरून सुटका नाही. ग्रुपवर कुणीतरी "दहा वर्षं" टाकलं होतं, ते आहे १०६ चं दुसरं पोटकलम, माणसाला उडवून खबर न देता पळून जाणाऱ्यासाठीचं. त्यावरूनच जानेवारी २०२४ मध्ये ट्रक ड्रायव्हरांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि मग बाकी संहिता १ जुलैला लागू करताना सरकारनं तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. शिवाय आपला ड्रायव्हर पळालाच नव्हता, तोच अण्णांना रिक्षात घालून घेऊन गेला. तेव्हा दहाचा विषय सोडा.

आमचे एक काका सहाय्यक फौजदार म्हणून रिटायर झालेत, त्यांनी एकच प्रश्न विचारला. "एफआयआरची कॉपी काढ. त्यात दोन तारखा असतात, घटना कधी घडली आणि ठाण्याला खबर कधी मिळाली. कलम पहिल्या तारखेवरून ठरतं, तपासाची पद्धत दुसरीवरून." मावसभावानं फोटो टाकला. घटनेच्या रकान्यात २८ जून, खबरेच्या रकान्यात २ जुलै. काका म्हणाले, त्या आठवड्यात ठाण्याठाण्यात हा घोळ व्हायची भीती होतीच, कारण समोर नवं पुस्तक आणि हातात जुनी घटना. त्यांच्या हिशेबानं हा गुन्हा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवायचा पण कलमं आयपीसीची टाकायची, २७९, ३३८ आणि मृत्यूनंतर ३०४-अ. फिर्याद जर जूनमध्येच दिली असती तर तपाससुद्धा जुन्या सीआरपीसीनंच पुढं गेला असता. चुकीचं कलम पडलं म्हणून केस उडत नाही हेही त्यांनी सांगितलं, निकालाआधी कोर्ट आरोप बदलू शकतं. पण समजा तसंच रेटलं आणि तीन वर्षांची शिक्षा लागली, तर वरच्या कोर्टात ती टिकणं अवघड.

याचं मूळ राज्यघटनेच्या कलम २०(१) मध्ये आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. जे कृत्य केलं तेव्हा गुन्हाच नव्हता त्यासाठी शिक्षा नाही, आणि गुन्हा होता तर तेव्हा जेवढी शिक्षा देता आली असती तिच्यापेक्षा जास्त नाही. आपल्याला पहिली गोष्ट लगेच पटते, दुसरी पटायला जड जाते, कारण समोरचा दोषी तर असतोच ना, मग दोन काय आणि पाच काय. १९५३ मध्ये विंध्य प्रदेशच्या एका मंत्र्याच्या लाचेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टापुढं हाच विषय आला होता. लाचेचा आरोप १९४९ च्या सुरुवातीचा, वटहुकूम निघाला त्याच वर्षी सप्टेंबरात, आणि त्यात लिहिलेलं की हा १९४८ पासूनच लागू होता असं समजा. कोर्ट म्हणालं, असं "समजून" चालत नाही, त्या दिवशी कायदा खरोखर अंमलात पाहिजे. पण त्याच निकालात हेही म्हटलं की नवं कोर्ट किंवा नवी पद्धत वापरली म्हणून आरोपीला या कलमाखाली तक्रार करता येत नाही. काकांचं दोन तारखांचं गणित इथूनच निघतं.

संभाजीनगरचा आमचा इंजिनियर भाऊ म्हणाला, "कायदा मागं जातच नसतो, विषय संपला." हे अर्धंच खरं आहे. २०१२ मध्ये संसदेनं इन्कम टॅक्समध्ये केलेली दुरुस्ती १९६२ पासून लागू केली होती, २०२१ मध्ये ती मागं घेतली, पण ती घटनाबाह्य होती म्हणून नव्हे. टॅक्स, जमीन, पगार यात कायदा मागं जाऊ शकतो. घटना अडवते ती मागं जाऊन दोषी ठरवण्याला आणि शिक्षा वाढवण्याला.

आणि शिक्षा कमी होत असेल तर? ते आमच्या शेजारच्या काकूंनी काढलं, त्यांना अपघाताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या भाच्यावर २०२३ ची मोबाईल चोरीची केस आहे, मोबाईल परत दिलाय, किंमत पाच हजारांच्या आत. "मग आमच्या पोराला नवा कायदा लागंल का?" नव्या संहितेत अशा पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला, वस्तू किंवा किंमत परत केली असेल तर, जेलऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. रतन लाल विरुद्ध पंजाब या १९६४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं नंतर आलेल्या प्रोबेशन कायद्याचा फायदा जुन्या आरोपीला दिला होता, त्यामुळं काकूंच्या वकिलानं मागणी जरूर करावी. मात्र नवी संहिता जुने गुन्हे जुन्या कायद्यावरच ठेवते, म्हणून मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

इथं जर्मनीत हे वकिलाच्या हुशारीवर सोडलेलं नाही. दंडसंहितेच्या कलम २ मध्येच लिहिलंय की निकालाआधी कायदा बदलला तर सगळ्यात सौम्य कायदा लावायचा. १ एप्रिल २०२४ ला गांजाचा कायदा बदलला, मोठ्या माणसाला २५ ग्रॅमपर्यंत बाळगायला परवानगी मिळाली, तेव्हा तर निकाल लागून गेलेल्यांच्याही राहिलेल्या शिक्षा माफ झाल्या आणि सरकारी वकिलांना जुन्या फायलींचे ढीगच्या ढीग उपसावे लागले.

पण मावसभावाच्या प्रश्नाला थेट भिडतं ते कलम ८. आपल्याकडचा खरा पेच हा आहे की ३०४-अ असो की १०६, माणूस मेल्याशिवाय तो गुन्हा होतच नाही. मग गुन्हा "घडला" कधी, धडक बसली तेव्हा की जीव गेला तेव्हा? मावसभावाचा वकील यावरच उभा आहे, आणि त्याचा मुद्दा पोकळ नाही. जर्मन कायदा सरळ सांगतो, माणसानं कृती केली ती वेळ धरायची, परिणाम कधी झाला ते बघायचं नाही. आपल्या आयपीसीत असं वाक्य नव्हतं, न्याय संहितेत घालायची संधी होती, घातलं नाही. तरी २०(१) ची भाषा माझ्या मते याच बाजूची आहे, तिथं ज्या कृत्याचा आरोप आहे ते करतानाचा कायदा बघायला सांगितलंय. ड्रायव्हरनं जे केलं ते २८ जूनच्या रात्री केलं, त्यानंतर दवाखान्यात जे झालं त्यात त्याच्या हातात काही नव्हतं. अण्णा ३० जूनला गेले असते तर दोन वर्षं आणि ५ जुलैला गेले म्हणून पाच, हे मला पटत नाही.

यावर मावसभाऊ चिडून म्हणाला, तुमच्या जर्मनीतच भिंतीवरच्या सैनिकांना नंतर शिक्षा दिली ना, तेव्हा कुठं गेला नियम? प्रश्न एकदम योग्य. पूर्व जर्मनीचा १९८२ चा सीमा कायदा गोळी झाडायची मुभा देत होता, आणि एकीकरणानंतर त्याच गोळ्यांबद्दल खटले चालले. कोर्टांनी म्हटलं की निःशस्त्र पळणाऱ्याला मारणं हे पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या घटनेतही बसत नव्हतं, २००१ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टानंही ते मान्य केलं. बऱ्याच साध्या सैनिकांच्या शिक्षा स्थगित ठेवल्या, वरचा नेता एगॉन क्रेन्झ याला मात्र साडेसहा वर्षं लागली. इथले कायद्याचे लोक अजून यावर भांडतात, आणि मला स्वतःला सैनिकांच्या बाबतीत तो युक्तिवाद ताणलेला वाटतो, नेत्यांच्या बाबतीत नाही.

मग मावशीच्या सासऱ्यांनी रझाकार काढले, ते निघणारच होते. "पोलीस ॲक्शननंतर शिक्षा झाल्या त्या कुठल्या कायद्यानं? तो कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील." आजोबा, तिथं मागं जायची गरजच पडली नाही. खटला निजामाच्याच हैदराबाद पिनल कोडखाली चालला, दरोडा तर निजामाच्या राज्यातही गुन्हाच होता. नवं होतं ते स्पेशल ट्रायब्युनल, म्हणजे पद्धत, आणि १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टात भांडण झालं ते त्या पद्धतीवर. आजोबांना हे पटलं नाही, त्यांच्या मते शिक्षा कमीच झाल्या, आणि ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांच्याशी मी यावर वाद घालणार नाही.

मावसभावाला मी एवढंच सांगितलं की पाच वर्षांसाठी ताकद लावण्यापेक्षा ३०४-अ मध्ये नुसत्या दंडावर सुटका होऊ नये यासाठी लावा, टेम्पोचा वेग, लाईट, ब्रेकचे रिपोर्ट, पंचनामा, साक्षीदार, हे पक्कं झालं तर त्या दोन वर्षांतली जास्तीत जास्त शिक्षा मागता येते. त्यानं वकिलाला विचारतो म्हटलंय. कलम बदलण्याच्या अर्जावर अजून ऑर्डर झालेली नाही, पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.