नवरात्रातल्या कडक उपवासाचा फॉरवर्ड, आणि मेडिकलच्या काउंटरवरून उत्तर

"नऊ दिवस फक्त पाणी, चहा नाहीतर फळांचा रस घेऊन कडक उपवास करा. १) शरीरातली सगळी घाण बाहेर पडते, डोकं दुखलं चक्कर आली तर घाबरू नका, ते विष निघतंय. २) जपानी शास्त्रज्ञाला यावरच नोबेल मिळालंय. ३) रस आणि चहा चालू असला की पाणी आणि साखर कमी पडतच नाही. ४) शुगर-बीपीवाल्यांनी तर आवर्जून करा, गोळ्या सुटतात. गांधीजींनी २१ दिवस केला होता. पुढे पाठवा."

घटस्थापनेच्या आधी हा मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवर येतोच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या माळेपासून दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या मागणारे यायला लागतात. उपवासाला माझा विरोध नाही, आमच्या घरात उठता-बसता असतो, पहिली माळ आणि अष्टमी. पण या मेसेजमधल्या चारही मुद्द्यांवर बोलायला पाहिजे, कारण चौथ्याने माणूस दवाखान्यात जातो.

पहिला मुद्दा. रक्तातली घाण काढायचं काम किडनी आणि लिव्हर रोज करतात, सणवार बघून नाही. आणि किडनीला त्यासाठी पाणी लागतं, दिवसाला किमान अर्धा लिटर लघवी झाली तर तो कचरा बाहेर जातो, म्हणजे पाणी तोडलं तर घाण उलट आतच राहते. मग डोकं का दुखतं? काउंटरवर मी आधी एकच विचारतो, चहा सोडलाय का? दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने देवीसाठी चहा सोडला की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतं, जांभया येतात, चिडचिड होते आणि मग आठवडाभरात ओसरतं. ही कॅफिनची तलफ आहे. चहा सोडायचाच असेल तर पितृपक्षातच रोज अर्धा अर्धा कप कमी करत आणा, एवढा साधा उपाय आहे.

चहा चालू असून डोकं दुखत असेल तर मग पाणी आणि मीठ. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जेवण बंद झालं की इन्सुलिन उतरतं, आणि ते उतरलं की किडनी पहिले काही दिवस मीठ बाहेर टाकायला लागते आणि मिठाबरोबर पाणीही जातं. लिव्हरमधली साठवलेली साखर दिवसभरात जवळपास संपते, तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी तेही जातं. म्हणून तिसऱ्या दिवशी वजनकाटा दोन किलो कमी दाखवतो आणि माणूस खूश होतो, पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त. वरून ऑक्टोबरचा उकाडा, संध्याकाळी दोन तास गरबा किंवा भोंडला, आणि रोजच्या जेवणातून मिळणारं पाणीही बंद. मग आरतीला बसलेली बाई उठते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. या डोकेदुखीची ओळख अशी की उठल्यावर, वाकल्यावर डोकं जास्त दुखतं, लघवी गडद पिवळी आणि थोडी होते, तोंड कोरडं पडतं. अशा माणसाने नुसतं पाणी कितीही प्यायलं तरी भागत नाही, मीठ गेलेलं असतं ना. घाबरून पाच-सहा लिटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, मळमळ, गुंगी, वाईटात वाईट म्हणजे झटके. उपवासाला सैंधव चालतं, तेच वापरा. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा सैंधव, वाटलं तर लिंबू, दिवसभरात घोट घोट. ज्यांना हार्टचा, किडनीचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी हे मनाने करू नये.

आणि हो, तब्येत ठणठणीत असलेल्या, गोळी नसलेल्या माणसाची साखर एका उपवासात सहसा धोकादायक उतरत नाही. लिव्हर साखर बनवत राहतं, शरीर चरबीवर जातं. "शुगर लो झाली वाटतं" म्हणून पेढा तोंडात टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची बोंब मिठाची आणि पाण्याची असते.

दुसरा मुद्दा थोडक्यात. योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण काम होतं यीस्टवरचं. उपाशी ठेवलेली यीस्टची पेशी आपलेच जुने तुकडे कसे मोडून वापरते आणि त्यामागे कुठली जीन्स आहेत हे त्यांनी शोधलं. माणसाने नऊ दिवस चहावर राहावं असं त्या कामात कुठेच नाही. गांधीजींचं म्हणाल तर फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी २१ दिवस पाणी आणि त्यात मोसंबीचा रस घेतला, वय ७३, उशाला डॉक्टरांची फौज, दिवसभर पलंगावर, आणि तरी मध्यात प्रकृती इतकी ढासळली की ते जातात की काय अशी भीती होती. तुम्हाला आम्हाला तर सकाळी लोकल पकडून ऑफिसला जायचंय.

तिसरा मुद्दा, रस. पेलाभर मोसंबीच्या रसात साधारण चार छोटे चमचे साखर असते, मीठ जवळपास नाही, प्रोटीन नाहीच. रिकाम्या पोटी ही साखर झपकन चढते, मग उतरते, आणि उतरताना परत भूक, थरथर, डोकं जड. नऊ दिवस प्रोटीन नाही म्हटल्यावर शरीर स्नायू मोडून काम चालवतं, दसऱ्याला पायात जीव नाही वाटतो तो त्यामुळेही. चहावर मात्र लोक उगाच आरोप करतात की तो पाणी काढून टाकतो, नेहमी पिणाऱ्याच्या बाबतीत तसं फारसं होत नाही, कपातलं पाणी पोटात जातंच. त्याचा खरा त्रास वेगळा, रिकाम्या पोटी सहा-सात कप झाले की जळजळ, मळमळ, आणि भूक मारली जाते त्यामुळे आपण किती खंगलोय ते कळत नाही. त्यापेक्षा ताक, दूध, दाणे, राजगिरा घेऊन केलेला उपवास केव्हाही बरा. देवी त्याला कमी मार्क देते असं मला तरी कोणी दाखवलेलं नाही.

आता चौथा मुद्दा, इथे मला राग येतो. आमच्या ओळखीतल्या एक काकू, साठीच्या. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी, शिवाय बीपीची गोळी ज्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध असतं. उपवासात गोळी चुकवायची नाही हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं, म्हणून तिसऱ्या माळेला सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि वर फक्त अर्धा कप चहा. दुपारी पेलाभर रस. चारच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मग असंबद्ध बोलायला लागल्या, आणि घरातल्यांना वाटलं अंगात आलं. कोणीतरी ओटी भरायला तांदूळ आणायला पळालं. नशीब की सुनेला शंका आली आणि तिने मशीन लावलं, साखर ४८. शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, १५ मिनिटांनी ७४ झाली, बोलणं ताळ्यावर आलं, सगळे सुटलो म्हणाले आणि परत आरतीच्या तयारीला लागले. साडेसहाला पुन्हा ५५.

हे असंच होतं. ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, आणि त्याचा अंमल जवळपास दिवसभर राहतो. वरून पाणी कमी झाल्यामुळे किडनीचं काम मंदावलं की औषध शरीरात आणखी रेंगाळतं. म्हणून एकदा साखर चढली की संपलं असं नसतं, लगेच नीट काहीतरी खायला पाहिजे आणि रात्रभर तपासत राहायला पाहिजे. काकूंना ती रात्र सलाईनवर काढावी लागली. ग्लिबेनक्लेमाइड, ग्लिक्लाझाइड याच घराण्यातली, इन्सुलिनचं तर सांगायलाच नको. त्यात कोणी मेटोप्रोलॉलसारखी बीपीची किंवा हार्टची गोळी घेत असेल तर थरथर आणि धडधड जाणवतच नाही, फक्त घाम येतो, म्हणजे धोक्याची घंटाच बंद. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं, थेट १०८.

मग गोळी बंद करू का, असं लोक लगेच विचारतात. नाही, तेही मनाने नाही. टाइप १ वाल्याने इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर दोन दिवसांत आयसीयू. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीतून साखर काढणारी औषधं घेऊन उपाशी राहिलं तर कीटोन वाढतात आणि मशीनवर साखर बऱ्यापैकी नॉर्मल दिसते, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास होईपर्यंत कळत नाही. उपवास करायचाच असेल तर आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरकडे जाऊन कुठली गोळी बदलायची, कुठली थांबवायची ते लिहून घ्या, चिठ्ठी घेऊन आलात तर मी पण समजावून सांगीन.

असे कडक उपवास कोणी करूच नयेत? इन्सुलिनवाले आणि वर सांगितलेल्या गोळ्यांवाले, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाची मुलं, किडनीचे पेशंट (यांना शहाळं आणि रसातलं पोटॅशियमही महागात पडतं), मुतखडा किंवा गाऊट झालेले, फिट्सवाले, लिथियम घेणारे, मायग्रेनवाले, नुकतंच आजारातून उठलेले. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते म्हणून त्यांचं पाणी कमी पडलेलं त्यांनाही कळत नाही, घरच्यांनीच लक्ष ठेवायचं. आणि ज्या मुली वजनाच्या धास्तीने आधीच जेवण टाळतात त्यांना हा उपवास म्हणजे आयतं निमित्त मिळतं, तिथे आईने डोळे उघडे ठेवावेत.

सोडतानाचंही एक. पाच दिवसांहून जास्त जवळपास काहीच न खाल्लेल्याने दसऱ्याला थेट श्रीखंड-पुरीवर ताव मारू नये, विशेषतः काटकुळ्या आणि आजारी माणसाने. एकदम साखर आत गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, मग हातपाय गळतात, सूज येते, धाप लागते, हार्टचे ठोके बिघडतात. पहिला दिवस पेज, मऊ भात, वरण, थोडं थोडं.

राहता राहिलं व्रतभंगाचं. काकूंच्या सासूबाईंनीच मला विचारलं होतं, साखर खाल्ली म्हणजे उपवास मोडला का. "अष्टैतान्यव्रतघ्नानि" म्हणून जुना श्लोक आहे, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी त्यात मोजल्यात, पाणी, कंदमुळं, फळं, दूध आहेच, आणि शेवटचं नाव औषधाचं आहे. साखर ७० च्या खाली गेलेल्या माणसाला तीन चमचे साखर हे औषधच. ते द्या, १५ मिनिटांनी परत बघा, लगेच जेवायला वाढा आणि त्या दिवसापुरता उपवास तिथेच सोडा.