‘दोघांचं ऐकून घ्या’ म्हणजे नेमकं काय: एका प्रतिक्रियेला उत्तर

टीममधल्या दोघांचं भांडण मिटवताना मॅनेजरने आधी दोघांचं ऐकून घ्यावं, या माझ्या सल्ल्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

“दोघांचं शांतपणे ऐकून घ्या, हे वाचायला छान वाटतं. आमच्या मॅनेजरने तासभर ऐकलं, दोघांना हात मिळवायला लावले आणि आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू. चूक कोणाची ते स्पष्ट सांगायचं सोडून दोघांनाही गोंजारत बसणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा.”

तुमचा राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. दोघांना समोरासमोर बसवून तासभर बोलू देणं ही मध्यस्थी नव्हेच. त्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खोलीत उरतं, आणि दुसरा लवकर सुटका व्हावी म्हणून हात पुढे करतो.

सॉफ्टवेअर टीममधलं एक उदाहरण घेऊ. टेस्टर म्हणते, “मी टाकलेले बग हा न बघताच बंद करतो.” डेव्हलपर म्हणतो, “ही प्रत्येक मेलमध्ये साहेबांना सीसी करून माझी शोभा करते.” अशा वेळी आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, एकाच दिवशी आणि सारखाच वेळ देऊन. एकाला आज आणि दुसऱ्याला चार दिवसांनी बोलावलं, तर दुसरा आरोपीसारखाच आत येतो. सुरुवातीलाच दोघांना एकच गोष्ट सांगायची: “तू बोललेलं मी तुझ्या परवानगीशिवाय तिकडे नेणार नाही. पण छळाचा किंवा धमकीचा प्रकार असेल तर मला तो पुढे कळवावाच लागेल.” शिवाय मॅनेजर म्हणून दोघांचं अप्रेझल तुम्हीच लिहिता, त्यामुळे तुम्ही पूर्ण तटस्थ नसता, हे त्यांना ठाऊक असतंच. तेही बोलून टाकलेलं बरं.

खरी मेहनत प्रश्नांत आहे. “तो मुद्दाम करतो” हा अंदाज झाला, घटना नव्हे. म्हणून विचारायचं, “शेवटचं कधी झालं? ते तिकीट दाखव.” तिकीट म्हणजे त्या बगची नोंद. ती उघडल्यावर दिसतं की तिने रात्रीच्या बिल्डवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रात्री तयार झालेल्या आवृत्तीवर, टेस्ट केलंय आणि त्याने सकाळच्या नव्या बिल्डवर तपासून ‘बग दिसत नाही’ असा शेरा मारलाय. तिकिटात बिल्डचा नंबरच नाही. दोघंही खरं बोलत होते, पण वेगवेगळ्या गोष्टी बघून. आता चूक कोणाची ते सांगा पाहू! तिने नंबर लिहिला नाही, त्याने न विचारता तिकीट बंद केलं, आणि तिकीट कोणी व कधी बंद करायचं हा नियम टीमने कधी ठरवलाच नव्हता. तो ठरवणं मॅनेजरचं काम होतं.

वेगळं भेटताना प्रत्येकाचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगायचं आणि “हो, हेच” असं उत्तर येईपर्यंत दुरुस्त करत राहायचं. मगच एकत्र बैठक. तिथे एक बोलेल, दुसरा मध्ये तोडणार नाही, आणि उत्तर देण्याआधी ऐकलेलं एका वाक्यात सांगेल. हे थोडं शाळेसारखं वाटतं, मान्य. पण “तुला वाटतं की सीसीमुळे तुझं नाव खराब होतं” हे तिच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्या बोलण्यातली धार कमी होते.

तुमच्या मॅनेजरचं घोडं बहुधा शेवटी अडलं असावं. “यापुढे संवाद वाढवू” हा ठराव कोणी पाळला की मोडला हे तपासताच येत नाही. आमच्या उदाहरणात ठराव असा असेल: तिकिटात बिल्ड नंबर आणि बग पुन्हा दिसण्यासाठी काय काय करायचं त्या पायऱ्या ती लिहील. माहिती कमी वाटली तर तो तिकीट बंद न करता त्याच दिवशी प्रश्नासह तिच्याकडे परत पाठवेल. तिने आधी त्याच्याशी थेट बोलायचं. कामाच्या एका दिवसात उत्तर आलं नाही तरच मॅनेजरला सीसी. उपाय दोघांनीच सुचवायचे, तिथल्या तिथे लिहायचे आणि दोघांना वाचून दाखवायचे. बदल एकाच्याच वाट्याला आला असेल, किंवा पाच मिनिटांत दोघांनी मान डोलावली असेल, तर समजा की खरा विषय अजून टेबलावर आलेलाच नाही.

कुठे तुमचंच बरोबर आहे तेही सांगतो. अपमान, धमकी, छळ, किंवा एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी असेल, तर मध्यस्थी करायचीच नाही. रीतसर तक्रार आणि चौकशी हाच मार्ग. दोघांचं जुळलंच नाही तर नियम मॅनेजरने ठरवावा आणि ‘हा माझा निर्णय आहे’ असं स्पष्ट सांगावं. त्याला सहमतीचं नाव देऊ नये.

दोन आठवड्यांनी पुन्हा बसायचं, ही तारीख पहिल्याच बैठकीत कॅलेंडरवर टाकायची. त्या दिवशी “आता कसं चाललंय?” असं विचारू नका, कारण “ठीक आहे” हेच उत्तर येतं. मधल्या काळातली तिकिटं उघडा: किती परत गेली, किती न विचारता बंद झाली, किती सीसी आले. एखादं कलम मोडलेलं दिसलं, तर ज्याने मोडलं त्याला नाव घेऊन, एकट्याला, स्पष्ट विचारा. तुम्हाला हवा असलेला स्पष्टपणा तिथे वापरता येतो, कारण आता बोट दाखवायला दोघांनी मान्य केलेलं लेखी कलम असतं.